यंत्रमानवाला नाव ठेवताना

आमच्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते आणि तिच्या पाठीत धपाटे बसतात. गेल्या पावसाळ्यात मात्र एक अजब बारसे माझ्या वाट्याला आले. बाळ पंधरा किलोचे होते, त्याला चाके होती, पुढे दोन दातांचे पोलादी चक्र होते, आणि त्याचे पालक म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षातली बारा मुले. त्यांपैकी एक माझी नात. मी चित्रकला-शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि त्या नोकरीच्या काळातच इंदुरातल्या कित्येक दुकानांच्या पाट्या व गणेशोत्सवाचे फलक रंगवले, एवढ्याच भांडवलावर तिने मला या कामी धरले.

"आजोबा, नाव असं हवं की जर्सीवर मावलं पाहिजे आणि बॅनरवरही. मागच्या वर्षासारखं व्हायला नको."

मागच्या वर्षी काय झाले होते ते आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा खटाटोप त्यातूनच निघाला. त्या वर्षीच्या मुलांनी मोठ्या हौसेने आपल्या यंत्राचे नाव 'महाबलाढ्य वज्रप्रहार' ठेवले होते. नाव ऐकायला भारदस्त. पण प्रवेश-अर्जात संघाच्या नावासाठी बाराच अक्षरांची जागा होती, तीही रोमन. त्यामुळे गुणफलकाच्या पडद्यावर MAHABALADHYA एवढेच उमटले. निवेदक परप्रांतीय होता. त्याने ते चार वेळा चार तऱ्हांनी उच्चारले. या यंत्रयुद्धाच्या स्पर्धांत लढतीपूर्वी प्रत्येक संघाला ध्वनिक्षेपकावरून पुकारतात आणि ठरलेल्या मिनिटांत यंत्र रिंगणाशी आले नाही तर प्रतिपक्षाला पुढे चाल मिळते. मागच्या मंडपात स्क्रू आवळत बसलेल्या आमच्या मुलांना तिन्ही पुकारे ऐकू आले, पण ते आपलेच नाव आहे हे त्यांना कळले नाही! आठ महिन्यांची मेहनत आणि वर्गणी काढून आणलेल्या मोटारी एकही टोला न देता परत आल्या. माझी नात तेव्हा दुसऱ्या वर्षात होती आणि त्या संघात हातोडी-पाने पोहोचवण्याचे काम करीत होती. ती घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

जर्सी आणि बॅनर यांची कथाही निराळी नव्हती. ती जर्सी नातीने माझ्यापुढे आणून टाकली. पाठीवरचे शब्द मी हातात धरूनच वाचू शकलो. त्यातला 'ढ्य' धुण्यात अर्धा निघून गेला होता आणि 'प्र'चा रकार बेपत्ता होता. बॅनरचे छायाचित्र पाहिले तर तिथे 'ढ्य'चे जोडाक्षर फुटून ढ, त्याला पायमोड आणि शेजारी सुटा य असे तीन पाहुणे उभे होते. शिवाय दोरी बांधताना दोन्ही कडा आत वळल्यामुळे पहिला 'म' आणि शेवटचा 'र' गडप झाले होते. म्हणजे लोकांनी पाहिले ते 'हाबलाढ्‌य वज्रप्रहा'.

तेव्हा मी मुलांना घरी बोलावले आणि नाव सुचवण्यापूर्वी जागा मोजायला लावली. पाटी रंगवणारा माणूस आधी भिंत मोजतो, मग मजकूर विचारतो. जर्सीच्या पाठीवर खांद्याची शिवण सोडून आणि बगलेकडे वळणारे कापड वगळून सपाट अशी जागा मध्यम मापात अकरा इंच रुंद भरली. संघातल्या लहान मापाच्या जर्सींत ती नऊच इंच होती. मोजायचे ते नेहमी सर्वांत लहान अंगावर. खाली खेळाडूचा क्रमांक यायचा, त्यामुळे नावाला उंचीची पट्टी मिळाली तीन इंचांची.

आता हे कुणी आणि किती अंतरावरून वाचायचे? आमच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो : सुखाने वाचायचे असेल तर दर दहा फुटांना एक इंच उंचीचे अक्षर. प्रेक्षक चाळीस-पन्नास फुटांवर बसतात. त्यांच्यासाठी जर्सीवर चार-पाच इंचांचे अक्षर काढणे अशक्यच. तेव्हा जर्सी ही पंचांसाठी आणि मंडपात संघाला शोधत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी. ते वीस फुटांवरून पाहणार, म्हणून दोन इंच हवेत. प्रेक्षकांची सोय बॅनरने करायची. एवढे ठरले की अर्धे वाद मिटतात, कारण एकाच जागेकडून सगळी कामे करून घेण्याचा हट्ट सुटतो.

पण दोन इंच म्हणजे कशाचे दोन इंच? इथेच देवनागरीचा खरा पेच आहे, आणि रोमन लिपीवर वाढलेल्या या पोरांना तो ठाऊक नव्हता. इंग्रजी मोठी अक्षरे सारी एका उंचीची; शब्द किती अक्षरांचा एवढे मोजले की झाले. आपले अक्षर तीन मजली घर आहे. शिरोरेषेपासून पायथ्यापर्यंतचा मधला मजला म्हणजे अक्षराचा देह, आणि डोळा वाचतो तो मुख्यतः तोच. वरच्या मजल्यावर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार राहतात; तळघरात उकार. शब्दात एक जरी वेलांटी आणि एक जरी उकार असला तरी तिन्ही मजल्यांचे भाडे भरावे लागते, आणि त्याची किंमत म्हणून देह लहान होतो.

मी चौकटीचा कागद काढला. देहाची उंची चार चौकटी धरायची आणि प्रत्येक अक्षर लिहून त्याची रुंदी मोजायची. माझ्या ठसठशीत वळणात र अडीच चौकटी, व, च, ट, ह तीन-तीन, म साडेतीन, क चार, आणि प्रत्येक कान्याला दीड. वर मात्रा असेल तर दीड चौकट उंची वाढते, खाली उकार असेल तर आणखी दीड. छापखान्यातल्या टंकात हे आकडे थोडे हलतील, पण निवड करायला पुरेसे आहेत. या मापाने 'महाबलाढ्य वज्रप्रहार' भरले चाळीस चौकटी. अकरा इंचांत चाळीस चौकटी बसवल्या तर चार चौकटींचा देह जेमतेम एक इंच आणि एक दशांश. म्हणजे अकरा फुटांपलीकडे वाचणाऱ्याच्या नशिबावर सोडायचे! मुले गप्प झाली. आकड्यांपुढे ती फार लवकर शरण येतात, हा त्यांचा गुण.

मग नावांचा पाऊस पडला. 'विंचू' सर्वांना आवडले होते, कारण चक्राची भुजा नांगीसारखी वर येते. दोनच अक्षरे, म्हणून मावेलच, असा त्यांचा होरा. पण त्यात वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली दीर्घ उकार. चारच्या सात चौकटी झाल्या. तीन इंचांच्या पट्टीत देह उरला पावणेदोन इंचांपेक्षाही किंचित कमी, आणि रुंदी सव्वातीन इंच. अकरा इंचांच्या पाठीवर मधोमध मुंगीएवढा विंचू! लहान नाव आणि मावणारे नाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी त्यांना पटले.

'घण' हे नाव एका अबोल मुलाने सुचवले. मला ते मनापासून भावले. ना मात्रा, ना उकार. दोन अक्षरांत पोलादाचा आवाज. कागदावर तीन इंची अक्षरे रंगवून तो गॅलरीच्या टोकाला वीस फुटांवर टांगला आणि आमच्या सौ.ला चष्म्याशिवाय वाचायला सांगितले. तिने डोळे बारीक करून विचारले, "घाण? कुठे आहे घाण?" झाले! डोळा ओळखीचा शब्द शोधतो; दोन अक्षरांच्या शब्दात त्याला आधाराला तिसरे काही मिळत नाही, आणि 'ण'चा पहिला दंड त्याला सहज काना वाटतो. शिवाय प्रतिस्पर्धी महाविद्यालयातल्या एखाद्या टारगटाला बॅनरवर एकच उभी रेघ ओढायची होती. 'घण' रद्द झाले. मला अजून त्याची हळहळ वाटते.

'रहाट' माझे स्वतःचे. यंत्राचे चक्र उभे फिरते आणि प्रतिपक्षाला खालून उचलून वर फेकते. रहाट पाणी काढतो ते असेच. देहाबाहेर एक रेघ जात नाही, दहा चौकटींत शब्द संपतो. पट्टीची पुरी तीन इंच उंची देहाला मिळते आणि रुंदी साडेसात इंच, म्हणजे लहान जर्सीतही ऐसपैस. मी विजयी मुद्रेने बसलो होतो. तेवढ्यात नातीने अर्जात टंकावे तसे RAHAT असे लिहून कागद शेजारच्या भाभीजींकडे नेला. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता वाचले, "राहत." यंत्रयुद्धात उतरायचे आणि नाव 'दिलासा'! तीच गत 'टोळ'ची झाली. रोमनमध्ये TOL लिहिताच सर्वांना टोल नाका आठवला. आपला ळ हिंदी कानाला अनोळखी आणि रोमन लिपीत तर त्याला घरच नाही. ज्या स्पर्धेत निवेदक हिंदी किंवा इंग्रजी बोलणारा, तिथे ळ असलेले नाव दारातच अर्धे होते.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसे दोन लिपींत, तीन उच्चारांत वावरतो. त्यामुळे हा रोमन कागदाचा प्रयोग मी आवश्यक मानतो. नाव लिहावे, ज्याला मराठी येत नाही अशा माणसापुढे धरावे आणि काही न सांगता मोठ्याने वाचायला लावावे. तो जे वाचील तेच ध्वनिक्षेपकावरून ऐकू येणार. घरच्यांची मते घेऊन काही उपयोग नाही; त्यांना नाव आधीच ठाऊक असते.

दुपार उलटली तरी नाव सापडेना. 'भोवरा' मागे पडला, कारण भोवरा उभ्या कण्यावर फिरतो आणि आमचे चक्र आडव्या कण्यावर, असे एका चिकित्सक मुलीचे म्हणणे पडले. तेव्हा मला एक जुनी हकीकत आठवली. अमेरिकेत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६६ ते १९७२ या काळात एक फिरता यंत्रमानव तयार झाला. नाव शोधण्यात त्या विद्वानांनी पुष्कळ दिवस घालवले आणि शेवटी तो चालताना लटपटतो म्हणून 'शेकी', म्हणजे थरथऱ्या, हेच नाव ठेवून ते मोकळे झाले. आणि 'रोबो' हा शब्द तरी काय? कारेल चापेक या चेक नाटककाराने आपल्या १९२० सालच्या नाटकातल्या कृत्रिम कामगारांसाठी लॅटिन वळणाचा एक शब्द योजला होता. तो त्याला पुस्तकी वाटत होता. त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, वेठबिगारीसाठी असलेल्या चेक शब्दावरून 'रोबोट' सुचवला. (चित्रकारांचे ऐकावे ते असे!) मी मुलांना म्हटले, "तुमचं यंत्र कसं वागतं ते सांगा. कसं वागायला हवं ते राहू द्या."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. अखेर अबोल मुलगाच बोलला, "आजोबा, ते सरळ जात नाही. डावी मोटर थोडी कमजोर आहे. सरळ सोडलं की हळूहळू डावीकडे वळतं. समोरचा जिथं वाट बघतो तिथं आम्ही पोहोचतच नाही."

"म्हणजे चकवा लागल्यासारखं," सौ. आतून म्हणाली.

चकवा! रानात रात्री वाट चुकवून माणसाला गोल गोल फिरवणारा तो चकवा, आणि खेळात प्रतिपक्षाला हुलकावणी देतात तोही चकवाच. मी चौकटी मोजल्या : च तीन, क चार, वा साडेचार, एकूण साडेअकरा. वरचा मजला रिकामा, तळघर रिकामे, जोडाक्षर नाही, ळ नाही. देह तीन इंच आणि रुंदी आठ इंचांहून थोडी अधिक. नऊ इंचांच्या लहान जर्सीतही कडेला श्वास घ्यायला जागा. रोमनमध्ये CHAKWA, सहा अक्षरे. भाभीजींनी वाचले, "चकवा." त्यांच्या भाषेत तो एक पक्षी आहे, त्याला आमची हरकत नव्हती. गॅलरीच्या टोकावरूनही सौ.ला तो नीट लागला.

नातीने मात्र एक शंका काढली. "आजोबा, ते लोक 'थकवा' म्हणून ओरडतील." शंका रास्त होती. नाव ठेवताना त्याला जुळणारी चिडवणी शोधून पाहावी. आपण शोधली नाही तर शत्रू शोधतो. पण 'थकवा' हा तोंडी विनोद होता. 'घण'सारखा एका रेघेने तो बॅनरवर लिहिता येत नव्हता. मुलांनी तो धोका पत्करायचे ठरवले.

नाव ठरले तरी छपाईत ते मरू शकते, म्हणून राजवाड्याजवळच्या एका दुकानात मी स्वतः गेलो. जर्सी गडद निळी होती. कागदावरचा रंग उष्णतेने कापडात उतरवण्याची पद्धत फिक्या पॉलिएस्टरवरच चालते, गडदावर तो दिसतच नाही. पडद्यावरची छपाई बारा नगांसाठी महाग, कारण पडदा एकासाठी करा वा शंभरांसाठी, खर्च तोच. उरले व्हिनिल. त्यात यंत्र अक्षराची कड कापते, नको असलेला भाग कारागीर सुईने उचलून काढतो आणि अक्षर गरम दाबाने कापडावर चिकटवतात. बारीक रेघ इथे टिकत नाही. 'प्र'चा रकार आणि 'ढ्य'चा सांधा याचमुळे निघाले होते. मी ठसठशीत टंक घ्यायला लावला आणि कोणतीही रेघ तीन मिलिमीटरपेक्षा बारीक नको असे बजावले. पांढरे व्हिनिल फाजील उष्णतेने दाबले तर कापडाचा निळा रंग त्यात चढतो आणि अक्षर आजारी दिसू लागते. म्हणून आधी एकच जर्सी करून रात्रभर ठेवली, सकाळी पाहिली आणि मग बाकीच्या अकरा दिल्या.

बॅनरवरचे जोडाक्षर का फुटले होते याचेही उत्तर तिथेच मिळाले. मुलांनी भ्रमणध्वनीवर टंकलेला मजकूर पाठवला होता आणि दुकानातली जुनी संगणक-प्रणाली त्या संकेताची अक्षरे जुळवीत नव्हती. अशा वेळी पहिली वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. उपाय साधा आहे : आपल्याकडे शब्द नीट दिसत असताना त्याची बाह्यरेषा करून, म्हणजे अक्षराचे चित्र करून, तेच द्यायचे. चित्राचे स्पेलिंग चुकत नाही. आणखी एक गोष्ट मी कारागिराला दाखवली. मागच्या वर्षीच्या नावातला 'ल' त्याने हिंदी वळणाचा छापला होता. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा आदेश काढून ल आणि श यांचे मराठी वळण ठरवून दिले. आपल्या प्रांतातल्या बहुतेक टंकांत ते नसते. 'चकवा'त ल नव्हता म्हणून हा प्रश्न आला नाही, पण खाली महाविद्यालयाच्या नावात 'महाविद्यालय' होतेच! तो एक ल मी हाताने काढून दिला. कारागीर हसला. हसू दे.

बॅनर सहा फूट बाय दोन फुटांचा. चहूबाजूंनी तीन-तीन इंच दुमड आणि कड्यांसाठी सोडले, तेव्हा वापराला सहासष्ट बाय अठरा इंच राहिले. नावाला बारा इंचांचा देह दिला, दोन इंच मोकळे आणि खाली चार इंचांत महाविद्यालय. नाव साडेचौतीस इंचांत संपले. उरलेल्या जागेत मुलांनी यंत्राचे रेखाचित्र बसवले. ते मला फारसे पसंत नव्हते, पण बारसे त्यांच्या घरचे होते.

स्पर्धेला मीही गेलो. पहिल्याच पुकाऱ्याला निवेदकाने "चकवा" म्हटले आणि बाराही मुले एकदम उठली. पहिली लढत आमची झाली. प्रतिपक्षाचे यंत्र दोनदा कुंपणावर आदळले, कारण ज्या जागी ते धावले तिथून चकवा केव्हाच डावीकडे सरकला होता. गर्दीत कुणीतरी "चक-वा, चक-वा" सुरू केले. दुसऱ्या लढतीत चक्राचा पट्टा उतरला आणि आम्ही हरलो. पलीकडच्या बाकांवरून अपेक्षेप्रमाणे "थकवा" आला. माझी नात त्या वेळी पंचांशी हुज्जत घालत होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

परवा ती घरी आली होती. मंडळींनी डावी मोटर बदलली आहे आणि यंत्र आता अगदी सरळ चालते. नाव बदलायचे का, अशी बैठक झाली म्हणे. बारा जर्सी आणि एक बॅनर धडधाकट आहेत, सात धुण्यांनंतरही 'क'चा देठ हललेला नाही, असे खजिनदाराने सांगितल्यावर बैठक पाच मिनिटांत आटोपली.